३.६ ने गुणा, पण कशाला?

फहमिदा मॅडमना राग यायला फारसं कारण लागत नसे, आणि आलेला राग लपवायची त्यांना गरजही वाटत नसे. कामोठ्यात पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्या सोळा वर्षं गणित आणि विज्ञानाचे क्लास घेत होत्या. त्यांनी कधी कुणावर हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. त्या फक्त चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या. चष्मा टेबलावर आला की आठवीची बॅच श्वास रोखून बसायची आणि बाहेर चपला मोजत बसलेले पालकही उगाच सावरून बसायचे. नवरा अली कुवेतला होता. शुक्रवारी त्याचा फोन आला की त्या त्याचीही बेरीज तपासायच्या, असं त्यांची सासू सांगे.

त्यांचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात मोठा वैताग होता एककांचा. पोरं उत्तरात नुसता आकडा लिहून मोकळी व्हायची. "चोवीस काय? आंबे? शेळ्या?" हा प्रश्न त्यांनी इतक्या वेळा विचारला होता की पोरं मधल्या सुट्टीत त्यांची नक्कल करायची. पुस्तकातल्या उदाहरणांत आगगाडी असायची, एका गावाहून निघायची, दुसऱ्या गावाला पोचायची, आणि ती पोचेपर्यंत वर्गातली निम्मी मुलं झोपायची. म्हणून मॅडमनी आगगाडी बंद केली आणि क्रिकेट आणलं.

"गोलंदाजाचा चेंडू सेकंदाला चाळीस मीटर जातो. तासाला किती किलोमीटर?" असं विचारलं की मागच्या बाकावरचासुद्धा जागा व्हायचा. टीव्हीवर दिसतो तो आकडा निघणार हे त्याला कळायचं. मग मॅडम फळ्यावर सावकाश जायच्या. एका सेकंदात चाळीस मीटर. तासात सेकंद किती? तीन हजार सहाशे. म्हणजे तासात एक लाख चव्वेचाळीस हजार मीटर. हजार मीटरचा एक किलोमीटर, म्हणून एकशे चव्वेचाळीस. तीन हजार सहाशेने गुणायचं आणि हजाराने भागायचं, त्यापेक्षा एकदम तीन पॉइंट सहाने गुणा. सायकलवाला सेकंदाला दहा मीटर, म्हणजे ताशी छत्तीस. पोहणारा सेकंदाला दोन मीटर, म्हणजे ताशी सात पॉइंट दोन. झपझप चालणारा माणूस सेकंदाला दीड मीटर, म्हणजे ताशी पाच पॉइंट चार. वेग तोच राहतो, फक्त सांगायची भाषा बदलते, असं त्या म्हणायच्या. आणि शेवटी न चुकता: "आलेला आकडा खरा वाटतो का ते बघा. डोकं खांद्यावर कशाला दिलंय?"

फळ्याच्या वर एक पिवळा पडलेला कागद होता. लॅमिनेट केलेला, कोपरे उचकटलेले. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: मी/से दिसलं की ३.६ ने गुणा. क्लासच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतला तो कागद होता. आता त्याच्याकडे कुणी बघत नसे, मॅडमही नाही.

त्या शनिवारी सकाळी अकराची बॅच भरायच्या आत तुळशीराम आले. मनस्वीचा आजा. कामोठे गावातलं जुनं घर, तरुणपणी मिठागरात काम केलेलं, आता बिल्डिंगच्या भाड्यावर चाललेलं. मागे मनस्वी उभी होती, आठवीतली, काटकुळी, नजर जमिनीवर. दोन दिवस ती क्लासला आली नव्हती.

"मॅडम, हिचं धावणं बंद केलंय मी," तुळशीरामांनी बसायच्या आधीच सांगितलं. "तुमी तिला जरा समजवा. रडून रडून जेवत नाय."

फहमिदाला हे धावण्याचं प्रकरण थोडंसं माहीत होतं. पनवेलच्या ज्या शाळेत मनस्वी शिकत होती, त्या शाळेकडे एका खासगी संस्थेचा फॉर्म आला होता. प्रत्येक शाळेतून चार मुली निवडायच्या. त्यांना दोन वर्षं संस्था बूट देणार, खुराक देणार, रोज सकाळी प्रशिक्षक देणार. धावणं, सायकल, पोहणं या सगळ्यांसाठी फॉर्म एकच, म्हणून त्यात प्रत्येकीचा वेग ताशी किलोमीटरमध्ये मागितला होता. यादी शनिवारी दुपारी दोनपर्यंत पाठवायची होती. म्हणजे आजच.

"मी तिला बोललेलो," तुळशीराम म्हणाले, "चारांत नाव आलं तर धाव, मी सोता रोज मैदानावर सोडीन. नाय आलं तर घरात कामं हायेत. आता ही चाळीस पोरींत चाळीसावी आली. शेवटची. आमी काय तोंड घेऊन जायाचं?"

"मी पहिली आले होते," मनस्वी जमिनीकडे बघतच म्हणाली. "माझ्या पुढे कोणीच नव्हतं."

"मग यादी काय खोटी हाय?"

"समृद्धीपण मला म्हणते, तूच पहिली आलीस. तिने गणित करून दाखवलं."

"ती पोर सोता पहिल्या नंबरात हाय. ती तुला बरं वाटावं म्हणून बोलणारच."

समृद्धी फहमिदाच्याच क्लासची. गुबगुबीत, हळू, जिना चढताना दोनदा थांबणारी. गुणांची तर बोंबच. फहमिदाने भुवया उंचावल्या.

"समृद्धी पहिली? धावण्यात?"

तुळशीरामांनी मोबाइल काढला. पालकांच्या ग्रुपवर आलेला यादीचा फोटो दाखवला. फहमिदाने तो बोटांनी मोठा केला, आणि तिचा चष्मा टेबलावर आला.

रकाने तीन होते. अंतर: शंभर मीटर. वेग, मी/से. वेग, किमी/तास. समृद्धीच्या नावापुढे पंचवीस आणि नव्वद. मनस्वीच्या नावापुढे पंधरा आणि चोपन्न. मधल्या अडतीस जणी या दोघींच्या मधे, उतरत्या भांजणीने, अगदी नीटनेटक्या.

"नव्वद," फहमिदा म्हणाली. "ताशी नव्वद किलोमीटर. आठवीतली पोरगी."

"जास्त हाय काय?" तुळशीरामांनी विचारलं.

"काका, जगातला सगळ्यात वेगवान माणूस जीव तोडून पळाला तरी क्षणभरच चव्वेचाळीसच्या आसपास जातो. तुमची मनस्वी यात शेवटची आहे ना, तिलाही त्यांनी चोपन्न दिलेत. म्हणजे या शाळेत सगळ्यात हळू धावणारी मुलगी जगज्जेत्याला मागे टाकते. आणि यावर मोठ्या माणसांनी सही केलीय." खाली शाळेचा शिक्का होता. "या अल्लाह, एकालाही वाटलं नाही का वाचून बघावं?"

काय झालं होतं ते तिला दिसायला क्षणही लागला नाही. मनस्वीला शंभर मीटरला पंधरा सेकंद लागले होते. समृद्धीला पंचवीस. घड्याळातले ते सेकंद कुणीतरी उचलून थेट वेगाच्या रकान्यात घातले होते, आणि मग मोठ्या इमानदारीने तीन पॉइंट सहाने गुणले होते. वेळ गुणली होती, वेग नाही. जितका जास्त वेळ, तितका मोठा आकडा, तितका वरचा नंबर. चाळीस मुली घाम गाळून धावल्या होत्या आणि शाळेने त्यांना पायाला धरून उलटं टांगलं होतं.

"समृद्धीला पंचवीस सेकंद का लागले गं?"

"ती मधे पडली होती, मॅडम. गुडघा फुटला. उठून चालत आली."

"वा. म्हणजे पडल्याबद्दल पहिला नंबर. अजून एकदा पडली असती तर हेलिकॉप्टर झाली असती."

मनस्वीला हसू आलं, पण ते पटकन विझलं. सव्वा अकरा वाजले होते. फहमिदाने अकराच्या बॅचला दहा गणितं फळ्यावर लिहून दिली, दार नुसतं लोटून घेतलं आणि दोघांना घेऊन खाली उतरली. आजवर तिने बॅच अशी सोडली नव्हती, स्वतःच्या आजारपणातसुद्धा नाही.

पनवेलच्या शाळेकडे निघालेली रिक्षा हायवेला लागली तेव्हा वेगाचा काटा छत्तीसवर होता. "काका, बघा," ती म्हणाली. गप्प बसणं तिला जमतच नव्हतं. "छत्तीस. म्हणजे आपण सेकंदाला दहा मीटर चाललोय. शंभर मीटर जायला दहा सेकंद. कागदावर समृद्धी याच्या अडीचपट धावतेय. आत्ता आपल्या बाजूने निघून जायला हवी होती ती."

तुळशीरामांनी खरंच एकदा बाहेर बघितलं. मग म्हणाले, "आणि आमची?"

"शंभर मीटर, पंधरा सेकंद. शंभर भागिले पंधरा. सेकंदाला साडेसहा मीटरच्या थोडं वर. सहा पॉइंट सदुसष्ट धरा. त्याला तीन पॉइंट सहाने गुणा. ताशी चोवीस किलोमीटर."

"चोवीस चोपन्नपेक्षा कमीच झालं की."

"चोपन्न खोटं आहे, काका. चोवीस खरं आहे. खऱ्यांत तीच सगळ्यात पुढे आहे." कंटाळा आला होता तिला, खरं सांगायचं तर. सोळा वर्षं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची, आणि जगाने शिक्का मारून तिच्या बरोबर उलटं करायचं. आणि शिक्षा कुणाला, तर जी सगळ्यात जोरात पळाली तिला.

शाळा सुटायच्या बेतात होती. क्रीडाशिक्षक जिन्याखालच्या खोलीत होते, एका बाजूला फुटबॉलची जाळी, दुसऱ्या बाजूला मतदार याद्यांचे गठ्ठे, मधे कॉम्प्युटर. तिला बघताच ते ताडकन उठले.

"फहमिदा मॅडम? तुम्ही इथे?"

तिने नीट बघितलं. दाढी होती, पोट सुटलेलं होतं, पण कान तेच होते. मितेश. तिच्या पहिल्या वर्षाच्या बॅचमधला. शेवटच्या बाकावर बसून पेनाचं टोपण चावणारा.

"तूच का तो," ती म्हणाली. "बस. ही यादी तू केलीस?"

"हो मॅडम. जूनमध्येच लागलो इथे. काय झालं?"

"समृद्धी ताशी नव्वदने धावते?"

मितेशने पडद्याकडे बघितलं. "मी सुरुवातीच्या रेषेवर होतो मॅडम, शिट्टी मारायला. शेवटच्या रेषेवर घड्याळ घेऊन दुसरे होते. त्यांनी सेकंद लिहून दिले, मी भरले. कॉम्प्युटरने नंबर लावले. वर निवडणुकीचं काम, मुलांची वेगळी यादी, परवा तपासणी. मी फक्त वरची चार नावं बघितली."

"आणि नव्वद दिसलं नाही?"

"दिसलं," तो हळू आवाजात म्हणाला. "मला वाटलं, कॉम्प्युटर कसा चुकेल."

"तू त्याला जे गुणायला दिलंस ते त्याने गुणलं. तो बिचारा कुठे चुकला?" चष्मा हातात होता, ठेवायला टेबलावर जागा नव्हती. "मितेश, मी/से म्हणजे काय?"

"शंभर मीटरचे सेकंद."

"नाही. एका सेकंदात किती मीटर. तुझ्याकडे वेळ होता. आधी शंभराला त्या वेळेने भागायचं, तेव्हा कुठे वेग मिळतो. मग तीन पॉइंट सहा. तू वेळेलाच गुणलंस. कशाला गुणतोय हे एकदा तरी विचारायचं ना स्वतःला. कुणी शिकवलं तुला असं?"

प्रश्न तिने नेहमीच्या सवयीने विचारला होता. त्याला उत्तर अपेक्षित नसायचं.

मितेशने टोपण चावलं. "तुम्हीच, मॅडम."

दारात तुळशीराम उभे होते, त्यांच्यामागे मनस्वी.

"म्हणजे, तसं नाही," तो घाईने म्हणाला. "आमच्या वर्षी रमजान चालू होता, पोर्शन राहिला होता. परीक्षेला चार दिवस होते. तुम्ही तो कागद लावला होता भिंतीवर. मी/से दिसलं की तीन पॉइंट सहाने गुणा. आणि म्हणाला होतात, विचार करत बसू नका, वेळ जातो, गुणा आणि पुढे चला. मला ते पाठ आहे अजून. फॉर्मवर मी/से दिसलं आणि मी गुणलं."

फहमिदाला तो आठवडा लख्ख आठवला. उपास, उकाडा, सतरा मुलं, पहिलं वर्ष, निकाल चांगला लागला नाही तर क्लास बंद होईल ही धास्ती. कशाला, का, कुठून आलं हे सगळं वगळून तिने नुसता नियम हातात दिला होता. निकाल चांगला लागला होता. पेढे वाटले होते. त्याच मुलांतला एक आज इथे बसून तिचा नियम अक्षरशः पाळत होता.

राग अजून होताच. फक्त तो आता कुणावर काढायचा ते कळेना, आणि यामुळे ती आणखी वैतागली.

"सरक," ती म्हणाली. त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसली. "सेकंदांचा वेगळा रकाना कर. वेगाच्या रकान्यात शंभर भागिले ते सेकंद. त्याच्या पुढे गुणिले तीन पॉइंट सहा. आता मोठ्यापासून लहानापर्यंत लाव."

यादी पडद्यावर उलटी झाली. चाळीसावी पहिली आली, पहिली चाळीसावी गेली. मनस्वी, पंधरा सेकंद, सहा पॉइंट सदुसष्ट, चोवीस. तुळशीराम पुढे येऊन वाकले. वाचता त्यांना येत होतं, तरी त्यांनी बोट लावून नाव वाचलं, एकदा, मग परत.

"आता मोठ्या बाईंची सही," फहमिदा म्हणाली.

मितेश जागचा हलेना. "मॅडम, गुरुवारी प्रार्थनेला यादी वाचून दाखवलीय. टाळ्या वाजल्यात. त्यांनी सही केलीय. आता मी जाऊन काय सांगू? नोकरीला सहा महिनेही झाले नाहीत. त्या म्हणतील, साधा गुणाकार येत नाही."

साडेबारा वाजून गेले होते. बाहेर घंटा झाली, पोरांचा लोंढा जिन्यावरून धडधडत उतरला. फहमिदाने त्याच्याकडे बघितलं. चाळीस मुली, एक शिक्का, दोन वाजता बंद होणारा फॉर्म, आणि हा पेनाचं टोपण चावतोय.

"चल," ती उठली. "मी येते."

मुख्याध्यापिकेच्या खोलीत तिने बसायला नकार दिला. उभ्यानेच सांगितलं. यादी उलटी आहे, नवी इथे आहे, सही करा. मुख्याध्यापिकेने चष्म्यावरून मितेशकडे बघितलं आणि तोंड उघडलं, तेवढ्यात फहमिदा म्हणाली, "चूक मी शिकवलेली आहे. याला मीच शिकवलं होतं, असंच, घाईघाईत. हा फक्त आज्ञाधारक आहे."

हे वाक्य बोलायला तिला फार जड गेलं. सोळा वर्षांत तिने फळ्यावरची स्वतःची चूकसुद्धा पोरांचं लक्ष नसताना पुसली होती. मुख्याध्यापिकेने दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या, नव्वदवर बोट टेकवलं, कपाळाला हात लावला आणि सही केली. एक वाजून वीस मिनिटांनी फॉर्म गेला.

जाताना तुळशीराम म्हणाले, "मॅडम, सोमवारपासून मी हिला मैदानावर सोडतो. बोललोय तर बोललोय." आणि मग मनस्वीच्या डोक्यावर टपली मारून, "एवढं बोलत व्हतीस, आणखी जोरात बोलायचंस की." मनस्वीने फहमिदाकडे बघितलं, आणि तिचा चेहरा इतका उजळला की फहमिदाला दुसरीकडे बघावं लागलं.

एक काम उरलं होतं. ते तिला कुणीच सांगितलं नव्हतं, आणि म्हणूनच ते तिच्यावर आलं होतं. सोमवारी समृद्धीची बॅच होती. तिला सांगायला हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदा पहिली आलेल्या मुलीला. फहमिदा रविवारभर चिडचिड करत होती. सासूने विचारलं काय झालं, तर म्हणाली, डाळीत मीठ जास्त झालंय.

समृद्धी सोमवारी सगळ्यांच्या आधी आली, गुडघ्याला पट्टी, जिना चढून धापा टाकत. फहमिदाने तिला टेबलापाशी बोलावलं.

"यादीबद्दल बोलायचं होतं," तिने सुरुवात केली.

"मला माहितीय मॅडम." समृद्धीने वही उघडून पुढे केली. पानावर गुरुवारची तारीख होती. वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं: १०० भागिले २५, बरोबर ४ मी/से. ४ गुणिले ३.६, बरोबर १४.४ किमी/तास. खाली मनस्वीचंही होतं, २४ किमी/तास, आणि त्याला चौकट केलेली. एकक दोन्हीकडे न चुकता लिहिलेलं.

"तू हे गुरुवारीच केलंस?"

"हो. प्रार्थनेहून आल्यावर लगेच. तुम्ही म्हणता ना, आकडा खरा वाटतो का बघा. मी पडले होते मॅडम, नव्वद कसं येईल? मनस्वीला सांगितलं मी. तिच्या आज्याला पटलं नाही."

"मग सरांना का नाही सांगितलंस?"

समृद्धीने पट्टीचं टोक खरवडलं. "माझ्यासाठी एकदाच टाळ्या वाजल्या होत्या. म्हटलं, शनिवारपर्यंत राहू देत. शनिवारी सांगणारच होते, शाळा सुटली की. पण सरांच्या खोलीत तुम्ही होतात."

फहमिदाने लाल पेन घेतलं. त्या शाळेत शिक्का होता, कॉम्प्युटर होता, पदव्या होत्या, आणि गणित बरोबर आलं होतं ते फक्त हिला, जिच्या वहीवर तिने वर्षभर चुकीचे गोलच काढले होते. तिने दोन्ही गणितांवर बरोबरची खूण केली, दहापैकी दहा लिहिले, आणि चष्मा काढला. समृद्धी घाबरली.

"घाबरू नकोस," फहमिदा म्हणाली. "डोळे पुसायला काढलाय."

मग तिने खुर्ची भिंतीला लावली, चढली आणि फळ्यावरचा पिवळा कागद ओढून काढला. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा थोडा रंगही आला. बाकीची बॅच आत येत होती, आणि समृद्धी त्यांना हळू आवाजात सांगत होती की आज मॅडम रागावलेल्या नाहीत. यावर अर्थातच कुणाचा विश्वास बसला नाही.